उजळणीचा तास आणि चुकीचा पर्याय

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. वर्षाच्या सुरुवातीला तो शिकवून होतो आणि पूर्वपरीक्षेच्या आधी उजळणीला येतो, तेव्हा मुलांच्या वहीत तो सुबक अक्षरात असतो, पण डोक्यात तुकड्यातुकड्याने उरलेला असतो. अशा वेळी शिक्षक बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर धडा पुन्हा भराभर सांगतात. नाहीतर एखाद्या संकेतस्थळावरून तयार प्रश्नमंजूषा उचलून वीस प्रश्नांची स्पर्धा लावतात. पहिल्या प्रकारात वर्ग पेंगतो. दुसऱ्यात वर्ग टक्क जागा असतो, टाळ्या पडतात, पहिल्या तिघांची नावे पडद्यावर झळकतात. मात्र तास संपल्यावर शिक्षकाला विचारले की आज वर्गातल्या किती जणांना त्वरण आणि वेग यांतला फरक कळलेला नाही, तर दोन्ही प्रकारांत उत्तर मिळत नाही.

माझ्या मते या मोफत साधनांचा वर्गातला मोठा उपयोग एकच आहे. पन्नास मुलांच्या डोक्यातली चुकीची कल्पना ती मिनिटभरात शिक्षकासमोर आणतात. गुण, क्रमवारी, संगीत, रंगीत चेहरे हे सगळे त्याच्या आजूबाजूचे आहे. एवढे धरून तास आखला की कोणते साधन घ्यावे, प्रश्न किती असावेत, घड्याळ लावावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावर चाळीस मिनिटांचा असा एक तास कसा आखता येतो ते पाहू.

त्याआधी मुळात उजळणीसाठी प्रश्न का विचारायचे, हे पाहायला हवे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न बघता, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होते आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र पालटले: वाचणाऱ्यांचे ४० टक्क्यांवर आले, लिहिणाऱ्यांचे ६१ टक्क्यांवर राहिले. आपल्याला पुढे किती आठवेल याचा अंदाज मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनीच जास्त बांधला होता. वाचून-वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे म्हणजे येणारे, असा समज होतो.

या प्रयोगातली एक गोष्ट प्रश्नमंजूषेच्या उत्साहात निसटते. त्या विद्यार्थ्यांनी चारांतला एक पर्याय निवडला नव्हता, त्यांनी कोऱ्या कागदावर आठवून लिहिले होते. चार पर्याय समोर असले की उत्तर ओळखावे लागते, आठवावे लागत नाही. बोर्डाच्या विज्ञान भाग १ च्या चाळीस गुणांच्या लेखी परीक्षेत पर्याय निवडण्याचे प्रश्न पाच गुणांचे असतात. बाकी सगळे लिहायचे असते. तेव्हा पडद्यावरच्या पर्यायांवरच पूर्ण उजळणी सोपवली, तर मूल ज्या कामाचा सराव करते ते परीक्षेतले मुख्य काम नसते. हा तोटा टाळायचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक प्रश्न आधी पर्यायांशिवाय दाखवायचा, मुलांनी उत्तर वहीत लिहायचे आणि मगच पर्याय उघडायचे. या एका सवयीसाठी दर प्रश्नाला मिनिटभर जास्त जातो. तो जाऊ द्यावा.

आता साधन निवडू. कहूट हे नॉर्वेतले साधन सर्वांना माहीत आहे. बंगळुरूमध्ये सुरू झालेले क्विझिझही शाळांत पुष्कळ वापरले जाते. २०२५ मध्ये त्याचे नाव वेग्राउंड झाले. दोन्हींचा नेहमीचा वापर म्हणजे प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल किंवा टॅब. आपल्याकडच्या बहुतेक माध्यमिक शाळांत मुलांना मोबाइल आणायला बंदी असते, आणि ती असावी असेच मला वाटते. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय पाहणीत, ओईसीडी देशांतल्या सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले की गणिताच्या काही तासांना तरी दुसऱ्या कोणाच्या उपकरणामुळे आपले लक्ष विचलित होते. स्वतःचा मोबाइल बंद ठेवणाऱ्या मुलालाही शेजारचा पडदा सोडत नाही.

म्हणून वर्गातल्या तासासाठी मी प्लिकर्स निवडेन. त्यात मुलांच्या हातात फक्त एक छापील कार्ड असते आणि इंटरनेट लागते ते शिक्षकाच्या एका मोबाइलला. संकेतस्थळावरून कार्डांचा संच उतरवून साध्या कागदावर छापायचा. प्रत्येक कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची वेगळी आकृती आणि एक क्रमांक असतो. आकृतीच्या चार बाजूंना बारीक अक्षरात A, B, C, D लिहिलेले असते. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर धरून कार्ड उंच करायचे. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणत्या क्रमांकाने काय उत्तर दिले ते नोंदले जाते. आकृत्या वेगवेगळ्या असल्याने शेजाऱ्याने कार्ड कसे धरले आहे ते पाहून नक्कल करता येत नाही. प्रोजेक्टर असेल तर प्रश्न पडद्यावर दिसतो, नसेल तर फळ्यावर लिहिला तरी चालतो.

अडचणी येतात त्या कागदाच्या. चकचकीत लॅमिनेशन केले की खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेरा आकृती वाचू शकत नाही. जाड कागदावर छापून तसेच ठेवलेले बरे. मुले बोटांनी आकृतीचा कोपरा झाकतात, म्हणून कार्ड दोन्ही हातांनी कडेला धरायला शिकवावे. मागच्या बाकांवरची कार्डे नोंदली गेली नाहीत, तर फळ्यापाशी उभे राहून कॅमेरा मोठा करण्यापेक्षा दोन रांगांच्या मधून चालत जावे. किती कार्डे वाचली गेली तो आकडा मोबाइलवर दिसतो. हजेरीशी तो जुळला नाही तर पुढे जाऊ नये. राहून गेलेली मुले बहुधा तीच असतात ज्यांना कार्ड वर करायचे नसते.

खाते उघडताना वर्गाची यादी भरावी लागते. तिथे मुलांची नावे न घालता हजेरी क्रमांक घालावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती सांगितली आहे. कायद्याचा भाग बाजूला ठेवला, तरी एका परदेशी कंपनीच्या यंत्रणेत आपल्या वर्गातल्या मुलींची पूर्ण नावे आणि त्यांच्या चुकांची यादी ठेवण्याचे काहीच कारण नाही. क्रमांक आणि नाव यांची जोडी शिक्षकाच्या वहीत असतेच.

प्रश्न पाच, वीस नव्हेत. उजळणीच्या तासाची तयारी म्हणजे मुख्यतः हे पाच प्रश्न लिहिणे आणि त्यातही त्यांचे चुकीचे पर्याय लिहिणे. तयार संग्रहातल्या प्रश्नांत तीन पर्याय इतके दूरचे असतात की धडा न वाचलेले मूलही बरोबर उत्तर देते. त्या प्रश्नातून शिक्षकाला काही कळत नाही. चुकीचा पर्याय हा मुलांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलेला, वहीत सापडलेला असावा. सहामाहीच्या उत्तरपत्रिका हा त्याचा सर्वात चांगला साठा. त्या परत करण्याआधी नेहमीच्या चुका एका कागदावर उतरवून ठेवाव्यात.

गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात या चुका जगभर सारख्याच आहेत. जड वस्तू हलक्या वस्तूच्या आधी पडते. वर फेकलेल्या चेंडूला सर्वोच्च बिंदूवर त्वरण नसते. अंतर दुप्पट झाले की बल निम्मे होते. पृथ्वी आंब्याला ओढते, पण आंबा पृथ्वीला ओढत नाही किंवा अगदी थोडे ओढतो. अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून माणसे तरंगतात. या प्रत्येक समजुतीवर एक प्रश्न, म्हणजे आपले पाच प्रश्न झाले. मुक्तिवेगाचे सूत्र आणि केप्लरचे नियम यांत नाहीत, कारण तिथे मुले विसरतात. चुकीचे मानत नाहीत. विसरलेल्या गोष्टीसाठी कोरा कागद पुरतो.

हे पाच प्रश्न आधी साध्या दस्तऐवजात लिहून ठेवावेत आणि मग साधनात घालावेत. मोफत खात्यात आज मिळते ते उद्या मिळेलच असे नाही. एका वेळी किती मुले सामील होऊ शकतात, किती प्रश्न घालता येतात, कोणते प्रकार मोफत आहेत हे कंपन्या बदलत असतात. आदल्या संध्याकाळी आपल्या वर्गाच्या पटाएवढी मर्यादा आहे ना हे तपासून घ्यावे. प्रश्न आपल्याजवळ असले की साधन बदलणे अर्ध्या तासाचे काम उरते.

तयार संग्रहातून काही घ्यायचेच असेल तर पाठ्यपुस्तक शेजारी उघडे ठेवून प्रत्येक शब्द पाहावा. दुसऱ्या बोर्डाच्या किंवा यंत्राने भाषांतर केलेल्या प्रश्नात ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ यांची अदलाबदल सर्रास आढळते, आणि या धड्यात नेमका तोच फरक शिकवायचा असतो. घातांकही बिघडतात. १० चा −११ वा घात पडद्यावर १०−११ असा सपाट उमटला, तर मुले त्याची वजाबाकी करतात. अशा ठिकाणी सूत्र हाताने कागदावर लिहून त्याचा फोटो प्रश्नाला जोडावा.

तास असा. पहिली दोन मिनिटे कार्डे वाटण्यात जातात. मग पाच मिनिटे पुस्तक आणि वही बंद करून कोऱ्या पानावर धड्यातले आठवेल ते लिहायचे: नियम, सूत्रे, आकृती, एकके. लिहून झाल्यावर वही उघडून राहिलेले वेगळ्या रंगात भरायचे, पण ते घरी. त्यानंतर प्रत्येकी सरासरी पाच मिनिटे धरून पाच प्रश्न. शेवटची आठ मिनिटे एका लेखी उत्तराला. बेरीज चाळीस होते, मात्र प्रश्नांची पंचवीस मिनिटे समान वाटून द्यायची नसतात. त्यातला कोणता प्रश्न किती वेळ खाईल हे मुलांची कार्डे ठरवतात.

ते ठरवायची रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. प्रश्नावर प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर द्यायचे. बरोबर उत्तरे ७० टक्क्यांहून जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचे. ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चेत अर्थ नाही, संकल्पना पुन्हा शिकवायची. मधल्या पट्ट्यात असतील तर मुलांना शेजाऱ्याशी बोलायला लावायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मझूर यांच्या या पद्धतीत इलेक्ट्रॉनिक रिमोटऐवजी साधी पुठ्ठ्याची कार्डे वापरली तर काय होते, हे कॅनडातले नॅथॅनियल लास्री यांनी तपासून पाहिले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांच्या संकल्पना समजण्यात फारसा फरक आढळला नाही. शिकवले ते प्रश्नाने आणि चर्चेने. ज्या शाळेत प्रोजेक्टरही नाही तिथल्या शिक्षकाने हे लक्षात ठेवावे. अ, ब, क, ड लिहिलेल्या चार रंगांच्या चिठ्ठ्यांवरही हा तास होतो, फक्त नोंद हाताने ठेवावी लागते.

आता चेंडूचा प्रश्न घेऊ. चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूला पोहोचला त्या क्षणी त्याचे त्वरण किती आणि कोणत्या दिशेने? हवेचा विरोध धरायचा नाही. पर्याय उघडण्याआधी मुले वहीत उत्तर लिहितात. मग चार पर्याय: शून्य. ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खाली. तेवढेच, पण वर. वर जाताना कमी होत जाते म्हणून सांगता येत नाही. समजा वर्गात ४८ मुले आहेत आणि कार्डांवरून दिसते की शून्य म्हणणारी २३, खाली म्हणणारी १७, वर म्हणणारी ५ आणि चौथा पर्याय निवडणारी ३. बरोबर उत्तरे ३५ टक्के. म्हणजे मधला पट्टा.

या क्षणी पडद्यावर आलेख दाखवायचा नाही. साधन तो दाखवायला तयार असते, म्हणून ती सोय आधीच बंद ठेवावी. तेवीस जणांचा उंच खांब दिसला की बरोबर उत्तर दिलेली मुलेसुद्धा आपले उत्तर सोडतात, आणि पुढची चर्चा संपते. त्याऐवजी एवढेच सांगायचे की वर्गात दोन-तीन वेगवेगळी उत्तरे आली आहेत, ज्याचे उत्तर तुमच्याहून वेगळे आहे अशा शेजाऱ्याला दोन मिनिटांत पटवा. या दोन मिनिटांत शिक्षकाने फळ्याजवळ न थांबता बाकांमधून फिरावे. ‘थांबला ना तो, मग त्वरण कुठून येणार?’ हे वाक्य तीन ठिकाणी कानावर पडते, आणि नेमके काय उलगडून सांगायचे आहे ते कळते.

दुसऱ्यांदा कार्डे वर होतात. समजा आता ३३ मुले ‘खाली’ म्हणतात. उरलेल्या पंधरांसाठी आणि बरोबर उत्तर केवळ शेजाऱ्याच्या भरवशावर बदललेल्यांसाठी फळ्यावर आकडे मांडायचे. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर गेला. एका सेकंदाने वेग ९.८, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी ९.८ पण खाली. प्रत्येक सेकंदाला वेगात ९.८ चा फरक पडतो आहे. दोन सेकंदांच्या क्षणी हा बदल थांबला असता तर वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू हवेत तसाच लटकून राहिला असता. तो खाली येतो, म्हणजे त्या क्षणीही त्वरण आहे. इथे ‘बरोबर उत्तर ब’ असे सांगून पुढे जाणे महागात पडते. रॉडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवले की बहुपर्यायी परीक्षेत निवडलेला चुकीचा पर्याय मुले पुढच्या परीक्षेत खरे ज्ञान म्हणून लिहून येतात. आपण मुद्दाम मोहात पाडणारे पर्याय लिहिले आहेत, तेव्हा ते का चुकले हे त्याच तासात सांगणे आलेच. खुलासा राहून गेला तर असा प्रश्न न विचारलेला बरा.

टक्क्यांइतकेच चुकीची उत्तरे कुठे पडली हेही पाहावे लागते. अंतर दुप्पट केल्यावर बल किती होईल, या प्रश्नाला चारही पर्यायांवर साधारण बारा-बारा कार्डे आली, तर त्यातल्या बारा बरोबर उत्तरांनी दिलासा मिळवू नये. चार पर्यायांत डोळे मिटून निवडले तरी चौथा हिस्सा उत्तरे बरोबर येतात. अशा वेळी वर्गाला सूत्रच आठवत नसते, ते पुन्हा शिकवावे लागते. याउलट तिसाच्या आसपास कार्डे एकट्या ‘निम्मे’ वर असतील, तर मुलांना व्यस्त प्रमाण माहीत आहे, अंतराचा वर्ग सुटला आहे. त्यांना सूत्राचा इतिहास नको. अंतर १, २, ३ घेतले तर बल १, एक चतुर्थांश, एक नवमांश, एवढी एक ओळ पुरते. दोन्ही वेळा गुणांची सरासरी फार वेगळी नसेल, पण दुखणे वेगळे आहे. क्रमवारीचा फलक हा फरक कधीच दाखवत नाही.

अवकाशस्थानकाच्या प्रश्नाला वर्ग जवळजवळ एकमताने चुकतो, असा बऱ्याच शिक्षकांचा अनुभव आहे. तिथे चर्चा न करता गणित करून घ्यावे. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर. ६४०० भागिले ६८०० याचा वर्ग सुमारे ०.८९, त्याला ९.८ ने गुणले की ८.७ येते. एवढे त्वरण असूनही माणसे तरंगतात, मग गुरुत्वाकर्षण नाही हे उत्तर टिकत नाही. स्थानक आणि माणूस दोघेही एकत्र पडत आहेत, हे मुले तिथून स्वतः काढतात.

घड्याळाबद्दल. कहूटमध्ये नेहमीच्या पद्धतीने खेळले तर एका प्रश्नाला हजार गुण असतात आणि उत्तराला लागलेल्या वेळेप्रमाणे ते घटत जातात. शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर देणाऱ्याला जवळपास निम्मे मिळतात. वीस सेकंदांच्या प्रश्नात पूर्ण वेळ विचार करणारी मुलगी, दोन सेकंदांत बटण दाबणाऱ्याच्या मागे पडते, आणि दोघांचे उत्तर एकच असते. भूगोलातल्या राजधान्या किंवा रासायनिक संज्ञा यांच्यासाठी हे चालेल. चेंडूच्या त्वरणासारख्या प्रश्नात पहिल्या दोन सेकंदांत सुचणारे उत्तर हेच चुकीचे उत्तर असते. तेव्हा कहूट वापरायचेच असेल तर प्रश्नाची वेळ मिनिटापर्यंत वाढवावी आणि त्या प्रश्नाचे गुण बंद करावेत. दोन्ही सोयी प्रश्न तयार करतानाच मिळतात. खेळ घाईने घसरला आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: पर्याय पडद्यावर येताच उत्तरांचा आकडा झरझर चढतो. प्रश्न वाचून होण्याआधी आलेले उत्तर हा अंदाज असतो.

वाचनाचेही तसेच आहे. पाब्लो देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा जास्त समजला. माहितीपर मजकुरात हा फरक दिसला, निव्वळ गोष्टींच्या वाचनात नाही. वेळेचे बंधन असले की तो आणखी वाढला. उजळणीच्या तासातला मजकूर माहितीपर असतो आणि वेळ बांधलेला असतो, म्हणजे दोन्ही अटी आपल्याला लागू आहेत. म्हणून पडद्यावरचा प्रश्न दोन ओळींहून मोठा नसावा. उतारा, तक्ता किंवा चार पायऱ्यांचे उदाहरण सोडवायचे असेल तर ते छापून हातात द्यावे आणि पडद्यावर फक्त प्रश्न ठेवावा. शेवटच्या आठ मिनिटांतले लेखी उत्तरही वहीतच. पृथ्वी आंब्याला जेवढ्या बलाने ओढते तेवढ्याच बलाने आंबा पृथ्वीला ओढतो, तरी पृथ्वी हललेली का दिसत नाही, हे तीन-चार वाक्यांत. पर्याय बरोबर निवडलेली कितीतरी मुले इथे अडतात, कारण बल समान असले तरी वस्तुमान वेगळे म्हणून त्वरण वेगळे, हा दुवा स्वतःच्या वाक्यात आणावा लागतो.

या तासाचा निकाल त्याच दिवशी खरा मानू नये. रॉडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगातही पाच मिनिटांनंतरचे आकडे फसवेच होते. आठवड्याने तेच पाच मुद्दे वेगळ्या वेषात पुन्हा विचारायचे आणि त्यासाठी गुगल फॉर्म सोयीचा आहे. Settings मध्ये Make this a quiz चालू करायचे, प्रत्येक प्रश्नाला Answer key देऊन चुकीच्या उत्तरासाठीचा खुलासा तिथेच लिहायचा. पर्यायांचा क्रम बदलत राहावा म्हणून Shuffle option order निवडायचे. ईमेल गोळा करणे आणि Limit to 1 response या दोन्ही गोष्टी बंद ठेवायच्या, कारण दुसऱ्या सोयीसाठी मुलाला गुगल खात्यातून आत यावे लागते, आणि घरातला मोबाइल बहुधा आईचा किंवा वडिलांचा असतो. नावाच्या जागी हजेरी क्रमांक. बरोबर उत्तरे लगेच दाखवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर पहिल्या मुलाचा पडदा अर्ध्या तासात वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येतो.

घरी सोडवलेल्या फॉर्मवर फार भिस्त ठेवता येत नाही. मुले दुसऱ्या खिडकीत उत्तर शोधतात, एकमेकांना विचारतात. हे थांबवता येत नाही, पण दिसून येते. जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक उत्तराची वेळ असते. पाठोपाठच्या मिनिटांत आठ-दहा उत्तरे आली आणि ती चुकांसकट सारखी असली तर अर्थ उघड आहे. म्हणून दोन प्रश्नांना पर्याय देऊ नयेत, ‘कारण एका वाक्यात लिहा’ असे ठेवावे. उसनी वाक्ये लगेच ओळखू येतात, कारण ती आपल्या वर्गाच्या भाषेत नसतात. ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा दिवसभराचा डेटा संपलेला असतो त्यांच्यासाठी हाच फॉर्म छापून सर्वांसमोर, सर्वांबरोबर ठेवावा. ज्याला हवा त्याने कागद घ्यावा. मागायला लावले की मुले मागत नाहीत.

फॉर्म आल्यावर एकूण गुणांच्या रकान्याकडे न जाता Responses मधला प्रश्नवार सारांश उघडावा आणि प्लिकर्सच्या नोंदीशेजारी ठेवावा. चेंडूऐवजी या वेळी सरळ वर उडवलेला खडा आहे, आणि विचारले आहे की तो अर्ध्या उंचीवर असताना वर जाताना आणि खाली येताना त्वरण सारखे की वेगळे. वर्गात दोन्ही वेळा ‘शून्य’ निवडलेले मूल इथेही अडले असेल, तर त्याला धडा पुन्हा वाचायला सांगून काही होणार नाही. त्या चार-सहा हजेरी क्रमांकांना मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बोलवून १९.६ पासूनचे आकडे त्यांच्याच हाताने मांडून घ्यावे लागतात. वर्गात शेजाऱ्यामुळे उत्तर बदललेली मुले या यादीत हमखास असतात, म्हणून पहिल्या मतदानाची नोंद पुसू नये. या धड्यातले दोन प्रश्न पुढे भिंगांच्या आणि उष्णतेच्या उजळणीच्या तासांतही घालावेत, मध्ये दोन-तीन आठवडे गेलेले असताना, आणि तेव्हाही आधी वही, मग कार्ड.